ब्रेकआउट रूम उघडली की मुलं गळतात: कमी रेंजच्या तासाची दुरुस्ती

ऑनलाइन तास सुरू होऊन बारा मिनिटं झालेली असतात. 24 मुलं आत असतात, सगळ्यांना माझा आवाज नीट येत असतो. मी ब्रेकआउट रूम उघडते, म्हणजे मुलांना छोट्या गटांच्या वेगळ्या खोल्यांत पाठवते, चार मिनिटांचं काम देते आणि वेळ संपली की सगळ्यांना परत बोलावते. परत आल्यावर मोजते तर 17. उरलेल्या सातांपैकी दोघं रूममध्ये पोचलीच नाहीत. तिघं पोचली आणि तुटली. एक मुख्य तासात परत आली, तिथं कुणीच दिसेना म्हणून 'तास सुटला वाटतं' असं समजून निघून गेली. सातव्याचं काय झालं ते दुसऱ्या दिवशीही कळलं नाही.

ही गोष्ट एकदा झाली तर सोडून देता येते. माझ्याकडे ती आठवड्यातून दोनदा, म्हणजे प्रत्येक तासाला व्हायची. मी कुडाळहून दहावीच्या मुलांना गणित शिकवते. मुलं दोडामार्ग, वैभववाडी आणि सावंतवाडी तालुक्यांतल्या घाटाखालच्या वाड्यांमध्ये आहेत. बहुतेकांकडे घरातला एक फोन, तोही बाबांचा. सुरुवातीला मीही सगळ्यांसारखंच म्हणत होते, "रेंजच नाही, काय करणार!" पण एक गोष्ट खटकत होती. हीच मुलं, याच फोनवर, याच रेंजमध्ये पहिली बारा मिनिटं व्यवस्थित ऐकत होती. रेंज नसती तर ती तेव्हाच गळली असती. ती गळत होती फक्त रूम उघडताना आणि बंद होताना.

नेमकं काय तुटतं

वर्गात मुलं या बाकावरून त्या बाकावर जातात, तसं ब्रेकआउट रूममध्ये जाणं नसतं. मी झूम वापरते, पण बाकीच्या ॲपमध्येही तत्त्व साधारण हेच आहे: मुलाचा फोन मुख्य तासाशी असलेली जोडणी सोडतो आणि रूमशी नव्याने जोडून घेतो. म्हणजे तास सोडून दुसऱ्या तासाला येण्यासारखंच. पडद्यावर गोल फिरत राहतं ते याचंच. चांगल्या नेटवर हे दोन-तीन सेकंदांत उरकतं. आधीपासून चालू असलेला आवाज थोडाफार तुटत का होईना, कमकुवत नेटवरही चालू राहतो. पण नवी जोडणी करताना बऱ्याच निरोपांची देवाणघेवाण लागोपाठ व्हावी लागते, आणि त्यातला एखादा हरवला की फोन थांबून पुन्हा प्रयत्न करतो. त्यात एकाच वाडीतली पाच-सहा मुलं एकाच टॉवरवरून त्याच क्षणी हे करू लागली की दारात गर्दी होते.

म्हणून मी एक साधी मोजणी सुरू केली. रूम उघडण्याचं बटण दाबल्यापासून शेवटचं मूल आत जाईपर्यंत किती सेकंद लागतात ते घड्याळात बघून वहीत लिहायचं. वेगमोजणीची ॲप वापरायची नाहीत, कारण ती मोठी फाइल किती भरभर येते ते सांगतात आणि मला ते जाणून घ्यायचं नव्हतं. माझ्या वहीत रात्री आठच्या तासाला हा आकडा 50 सेकंदांच्या आसपास आला, दुपारी चारला 20 च्या. पोरं तीच, फोन तेच, फोनवरच्या दांड्याही तेवढ्याच. दांड्या टॉवरचा सिग्नल किती जोरात पोचतो एवढंच दाखवतात. त्या टॉवरवर त्या घडीला किती जण सिनेमा बघतायत ते दाखवत नाहीत. 'रेंज फुल्ल आहे पण नेट चालत नाही' ही तक्रार रात्रीचीच का असते, ते इथं कळतं. तुमच्याकडेही एकाच जागेवरून दोन वेळांचा फरक मोठा आला तर दुखणं गर्दीचं आहे, आणि त्यावर तासाची वेळ बदलणं हाच सगळ्यात स्वस्त उपाय. दोन्ही वेळांना आकडा सारखाच वाईट आला तर सिग्नलच कमी आहे. मग मुलाने बसायची जागा बदलून बघायची: आतल्या खोलीऐवजी पडवीत, किंवा गावात सगळ्यांना ठाऊक असलेल्या त्या 'रेंजच्या दगडावर'.

रूम एकदाच उघडा, काम आत बदला

माझी जुनी आखणी पुस्तकी होती. छोटी छोटी कामं द्यायची म्हणून मी एका तासात तीनदा रूम उघडायचे: चार मिनिटांचं काम, परत, थोडी चर्चा, पुन्हा रूम. ऐकायला छान वाटतं. पण हिशोब करा. तीन फेऱ्या म्हणजे प्रत्येक मुलाच्या सहा उड्या, तीन आत आणि तीन बाहेर. 24 मुलांच्या मिळून 144 नव्या जोडण्या, आणि प्रत्येक जोडणी ही गळायची एक संधी. शिवाय वेळ. आत जायला जवळपास मिनिट. बाहेर येताना झूम रूम बंद करण्याआधी उलटी मोजणी लावतं, ती मूळ सेटिंगला 60 सेकंदांची असते, आणि त्यावर परतीच्या जोडणीचा वेळ. एका फेरीला अडीच मिनिटं नुसती ये-जा. तीन फेऱ्यांना साडेसात.

आता मी तासात रूम एकदाच उघडते, साधारण 14 मिनिटांसाठी. छोटी कामं तीनच, पण ती रूमच्या आत एकामागून एक होतात. उड्या दोनच, जोडण्या 48. बाकी काही बदलू नका, एवढा एकच बदल करून बघा. माझ्याकडे निम्म्याहून जास्त गळती यानेच थांबली.

यातून एक नवा प्रश्न उभा राहतो: आत गेलेल्या मुलांना दुसरं काम कधी सुरू करायचं हे सांगणार कोण? रूममध्ये गेल्यावर माझा पडदा त्यांना आपोआप दिसत नाही. मुख्य तासात मी जी पाटी लावलेली असते ती तिथंच राहते, आणि मुख्य तासाचं चॅटही रूममध्ये चालत नाही. सगळ्या रूमना एकदम निरोप पाठवायची सोय आहे, पण तो पडद्यावर थोडा वेळ झळकून जातो आणि फोनवाल्या मुलांचं लक्ष तेव्हा वहीत असतं. मी दोन महिने असे निरोप पाठवत राहिले आणि मुलं म्हणत राहिली, "बाई, आमका काय दिसलाच नाय."

म्हणून सूचना नेटवरून न्यायच्याच नाहीत. त्या आधीच मुलाच्या हातात असल्या पाहिजेत. आदल्या संध्याकाळी मी व्हॉट्सॲपवर साधा मजकूर पाठवते. पीडीएफ नाही, फोटोही नाही. नेट अगदी वाईट असलं तरी मजकूर पोचतो. मुलाचा फोन त्या वेळी बंद असला तर चालू झाल्यावर पोचतो, आणि तो आल्याची खूण मला दिसते. मुलाने तो वहीत उतरवून तासाला बसायचं. वही उघडी असली की फोन नुसता कानाला राहिला तरी चालतं.

वेळ पाळायला घरातलं घड्याळ. प्रत्येक गटात एक 'घड्याळवाला' असतो आणि वेळा मजकुरातच घड्याळी दिलेल्या असतात: 4:14 ला पहिलं काम, 4:17 ला दुसरं, 4:21 ला तिसरं. 'तीन मिनिटांनी' असं लिहायचं नाही, कारण उशिरा पोचलेल्याची तीन मिनिटं वेगळी सुरू होतात.

एक तास जसाच्या तसा

विषय दहावीच्या गणित भाग 1 मधला, दोन चलांतील रेषीय समीकरणांवरची शाब्दिक उदाहरणं. आदल्या दिवशी गेलेला मजकूर असा होता:

> उद्या 4 वाजता. हे वहीत लिहून बसा.
> उदाहरण: 2 डझन हापूस आणि 3 डझन पायरी मिळून 2100 रुपये. 3 डझन हापूस आणि 2 डझन पायरी मिळून 2400 रुपये. एक डझन हापूस केवढ्याला? पायरी केवढ्याला?
> 4:14 – काम 1: x आणि y कशासाठी ते ठरवून दोन समीकरणं लिहा. लिहून झाल्यावर एकमेकांना वाचून दाखवा.
> 4:17 – काम 2: दोन्ही समीकरणांची बेरीज करा, मग वजाबाकी करा. जे मिळेल ते वाचून दाखवा.
> 4:21 – काम 3: x, y काढा आणि मूळ उदाहरणात घालून ताळा करा.
> नेट गेलं तर थांबू नका. वहीत पुढचं काम करा, परत आलात की वाचून दाखवा.

शेवटची ओळ सगळ्यात कामाची आहे. आधी मी कामं साखळीसारखी वाटायचे: एकाने समीकरणं मांडायची, दुसऱ्याने सोडवायची, तिसऱ्याने ताळा करायचा. एक कडी तुटली की सगळे हात बांधून बसायचे, आणि नेमकी मांडणारीच गळायची. आता प्रत्येक जण सगळंच करतो, गट फक्त एकमेकांचं तपासायला. जो तुटला त्याचं ऐकणं बुडतं, गणित बुडत नाही.

दुसरं म्हणजे सहाही गटांना उदाहरण एकच. वेगवेगळी दिली तर चर्चा रंगते हे खरं. पण तुटून परत आलेलं मूल चुकून दुसऱ्या गटात पडलं तर तिथं ते परकं ठरतं. एकच उदाहरण असलं की कुठंही पडलं तरी वही उघडून सामील होतं.

त्या दिवशी 4:00 ते 4:06 मी नुसती मुलं आत घेतली आणि गट लावले. 4:06 ते 4:12 एक वेगळं उदाहरण सोडवून दाखवलं. 4:12 ला रूम उघडल्या. मजकुरात पहिलं काम 4:14 ला ठेवलंय ते मुद्दाम, ती दोन मिनिटं पोचण्याची आणि 'ऐकू येतंय का' विचारण्याची. 4:25 ला बंद करण्याचं बटण दाबलं. 4:27 पर्यंत 23 मुलं परत होती. एका घरची लाइट गेली होती, वायफायही गेलं. तिनं उत्तर व्हॉट्सॲपवर पाठवलं, पाच वाजता.

गणित बरोबर आलं की नाही हेही सांगते, नाहीतर चुटपूट लागेल. बेरीज 5x + 5y = 4500, म्हणजे x + y = 900. वजाबाकी x – y = 300. हापूस 600, पायरी 300. चार गटांनी हे काढलं. एका गटाने वजाबाकीत चिन्ह उलटं घेतलं आणि हापूसपेक्षा पायरी महाग आली. कोकणातल्या मुलांना तेवढ्यावरूनच शंका यायला हवी होती! सहावा गट काम 2 वर थांबला, त्यांना मी परतल्यावर धरलं.

4:35 ला तास संपला. मोफत खात्यावर बैठक 40 मिनिटांत बंद होते, म्हणून पाच मिनिटं हातची ठेवते. रूम उघड्या असताना वेळ संपली तर सगळेच बाहेर फेकले जातात आणि मग फोनाफोनी.

गट किती जणांचा, आणि कोणा-कोणाचा

जोड्या लावायचा मोह होतो, कारण दोघांत दोघंही बोलतात. कमी रेंजमध्ये जोड्या लावू नका. माझ्या वहीप्रमाणे एका तासात 24 पैकी सरासरी 6 जण कधी ना कधी तुटायचे, म्हणजे चौघांत एक. हा आकडा धरला तर जोडीतला एक तुटून दुसरा एकटा बसण्याची शक्यता शंभरात 37 ते 38 येते. बारा जोड्यांत चार-पाच मुलं एकटी. चौघांच्या गटात उरलेला एकच किंवा कुणीच नाही असं होण्याची शक्यता शंभरात पाच. सहा गटांत असं क्वचितच होतं. पाच जणांचा गट आणखी सुरक्षित, पण तीन मिनिटांत पाच जणांचं वाचून होत नाही. म्हणून चार.

पण हे गणित एका अटीवर बरोबर आहे: प्रत्येक जण आपापल्या कारणाने तुटायला हवा. ते तसं नसतं. एका वाडीची मुलं एकत्र तुटतात, कारण टॉवर एक, लाइटची लाइन एक. हे मला फार उशिरा कळलं. मी ओळखीची म्हणून एका गावची चार मुलं एका गटात ठेवायचे आणि पावसात तो गटच्या गट नाहीसा व्हायचा. आता उलटं करते. एका गटात चार वेगवेगळ्या गावांची मुलं, आणि शक्य असेल तर सिमही वेगळ्या कंपन्यांची.

याला एकच अपवाद. दोन-तीन मुलं एकाच ओसरीवर येऊन बसू शकत असतील तर त्यांना एका फोनवर बसवा आणि रूममध्ये पाठवूच नका. ती मुख्य तासातच राहतील, आवाज बंद करून आपसात बोलतील. त्यांचा गट नेटशिवाय चालतो, शिवाय टॉवरवरचे एक-दोन फोन कमी होतात. मात्र दोन फोन एका ओसरीवर चालू ठेवायचे नाहीत, एकाचा आवाज दुसऱ्यात शिरून शिट्टी वाजते.

तुटलेलं मूल परत आलं तर कुठं येतं

तुटून पुन्हा आत आलेलं मूल आधी मुख्य तासात येतं. कधी त्याला आपला गट परत मिळतो, कधी नाही. घरातल्या दुसऱ्या फोनवरून आलं तर ते नवंच कुणी म्हणून मोजलं जातं आणि गट मिळत नाही. अशा वेळी मुख्य तासात माणूस असलाच पाहिजे. मी आधी कौतुकाने प्रत्येक रूममध्ये डोकावत फिरायचे. त्यात माझ्याही उड्या व्हायच्या आणि मागे मुख्य तास रिकामा पडायचा. आता मी हलत नाही. रूममध्ये डोकवायचंच असेल तर मदतनीस जाते. माझ्याकडे बारावी झालेली एक माजी विद्यार्थिनी आहे. तिचं नेट माझ्याहून वेगळ्या कंपनीचं आहे. माझी लाइन गेली तरी ती तासात असते.

परत आलेल्याला गटात ढकलायला पाच सेकंद लागले पाहिजेत, 'तू कुठल्या गटात होतीस गं?' असं विचारण्यात मिनिट जाता कामा नये. म्हणून नावाआधी गटाचा आकडा लावायला सांगते: 3, मग नाव. यादीत आकडा दिसतो, त्या रूमला पाठवायचं, झालं. मुलांना ई-मेलवरून आधीच गट नेमून देण्याची सोय आहे, पण त्यासाठी प्रत्येकाचं स्वतःचं खातं लागतं आणि इथं फोन बाबांचा असतो, त्यामुळे तिचा मला उपयोग नाही. मुलांना स्वतः रूम निवडू द्यायची सोय चांगली आहे, फक्त खूप जुनं ॲप असलेल्या फोनवर ती दिसत नाही. एकदा सगळ्यांना शाळेच्या वायफायवर ॲप अद्ययावत करायला लावलं आणि तेव्हापासून ती चालू ठेवते.

पाहण्यात नेट घालवू नका

झूमने स्वतः दिलेल्या आकड्यांप्रमाणे नुसत्या आवाजाला सेकंदाला 60 ते 80 किलोबिट लागतात, पडदा दाखवायला आणखी 50 ते 75. गटाच्या चांगल्या व्हिडिओला येताना 600 आणि जाताना 1000 किलोबिट. म्हणजे आवाज आणि पाटी मिळून 35 मिनिटांच्या तासाला 40 एमबीच्या आसपास. कॅमेरे पूर्ण दर्जात चालू ठेवले तर तेवढ्याच तासाला 400 एमबीच्या वर जाऊ शकतात. दिवसाच्या डेटा पॅकमधून घरच्या सगळ्यांचं भागायचं असेल तर हा फरक कळतो.

मुलांचे कॅमेरे बंद असतात हे बहुतेक जण करतात. विसरतो तो आपला कॅमेरा. तो चालू असला तर 24 फोनांवर तो उतरतोच. मी पहिलं मिनिटभर चेहरा दाखवते आणि मग बंद करते. ज्या मुलाचं नेट फारच वाईट असेल त्याला `Stop Incoming Video` दाबायला शिकवून ठेवते, मग कुणीही कॅमेरा लावला तरी त्याच्याकडे येत नाही. रूममध्ये गेल्यावर मुलं एकमेकांना बघायला कॅमेरे लावतात, हे मात्र सांगून थांबत नाही. वय तसंच आहे.

आवाज तुटतो तेव्हा कोणाचं दुखणं आहे ते आधी ठरवा. एकाच मुलाचा आवाज सगळ्यांना तुटत असेल तर त्याच्याकडून नेट बाहेर जात नाही. बहुतेक वेळा त्या फोनवर मागे फोटो चढवले जात असतात, ते थांबवा. एकट्या मुलाला सगळ्यांचा आवाज तुटत असेल तर त्याच्याकडे येणारं नेट कमी आहे. आणि सगळी मुलं एकसुरात "बाई, तुमचा तुटता" म्हणत असतील तर तक्रार स्वतःकडे. लॅपटॉपवर झूमच्या सेटिंगमध्ये `Statistics` नावाचा भाग आहे, तिथं `Packet Loss` बघा. तो 2 टक्क्यांच्या आत असावा, `Latency` 150 मिलिसेकंदांच्या आत. माझ्याकडे हे आकडे बिघडले तेव्हा कारण निघालं भिंतीपलीकडचं वायफाय. राउटरला वायर लावल्यावर ते संपलं, आणि लाइट जाते म्हणून राउटरला छोटा यूपीएस.

एक कारण कुणाच्या लक्षात येत नाही. दोन सिमच्या फोनमध्ये नेट एका सिमवर चालू असताना दुसऱ्या सिमवर फोन आला आणि उचलला तर बऱ्याच फोनांत नेट तेवढा वेळ थांबतं. बाबांचा फोन, बाबांना कामाचे फोन. अमुक मुलगी दर तासाला चार-वीसच्या सुमारास का तुटते याचा मी महिनाभर शोध घेतला. तिच्या बाबांना त्या वेळी काजूच्या व्यापाऱ्याचा फोन यायचा.

रूम उघडायचीच नाही असा दिवस

पावसाळ्यात असे दिवस येतात. म्हणून तासाच्या सुरुवातीला, 4:05 ला, मी यादी बघते. चौथा भाग मुलं तोपर्यंत एकदा तुटून परत आली असतील तर रूम रद्द. उघडल्यावरही 60 सेकंदांत सहापेक्षा जास्त मुलं पोचायची राहिली तर लगेच सगळ्यांना परत बोलावते, वाट बघत बसत नाही. मजकूर तोच, वेळा त्याच, फक्त सगळे मुख्य तासात आवाज बंद करून वहीत काम करतात आणि 4:17 ला एकाच गटाला मी वाचायला सांगते.

सगळ्यात वाईट रेंजवाल्या मुलांसाठी मात्र तिसरी सोय आहे, आणि ती मला कुणा तंत्रज्ञाने नाही, वैभववाडीच्या एका मुलाने सुचवली. साधा फोन. गटातला एक जण बाकी तिघांना एकामागून एक फोन लावतो आणि कॉल जोडतो. साधारण फोनवर आपल्याखेरीज पाच जण असे जोडता येतात, त्यामुळे चौघांचा गट बसतो. नेट लागत नाही, आणि बहुतेकांच्या पॅकमध्ये कॉल फुकट असतात. तो गट 4:12 ला तासातून बाहेर पडतो आणि फोनवर काम करून 4:27 ला परत येतो. फोन चालू असताना त्याच फोनवरच्या तासाचा आवाज नीट चालत नाही, म्हणून आधी तास सोडायचा आणि मग कॉल जोडायचा, हा क्रम चुकवू नका.

परत आल्यावर मी प्रत्येक गटाला बोलायला लावत नाही, सहा गटांचं "हॅलो, येतंय का" ऐकण्यात आठ मिनिटं जातात. चॅटमध्ये फक्त दोन आकडे टाकायचे, x आणि y. चुकलेला आकडा दिसला की त्याच गटाला बोलतं करते. परतीची पहिली दोन मिनिटं काही नवं सांगत नाही, कारण तेव्हा निम्मी मुलं अजून फिरणाऱ्या गोलाकडे बघत असतात. त्या वेळेत उत्तराचं वाक्य शब्दांत लिहायला देते, एकक धरून. परीक्षेत त्याचे गुण जातातच बऱ्याच जणांचे.

टॉवरचीच लाइट गेली आणि बॅटरी उतरली की सगळी वाडी गप्प होते. त्यावर यातलं काहीच चालत नाही. तेव्हा आदल्या दिवशीचा मजकूर वहीत असतो, आणि वही दुसऱ्या दिवशी एसटीने शाळेत येते.